डिस्टेंपर: सावरलेल्या पिल्लावर नजर ठेवा

कुत्र्याच्या चार महिन्यांच्या पिल्लाला डिस्टेंपर होतो. ताप, नाकाडोळ्यांतून चिकट स्राव, जुलाब. उपचारांनी ते सावरतं, खाऊ लागतं. दोन-तीन आठवड्यांनी मात्र जबडा चघळल्यासारखा हलतो, एक पाय झोपेतही ठरावीक लयीत उडतो. आजार परतला असं वाटतं, पण बहुधा तो पुरता गेलेलाच नसतो. रक्तातला विषाणू प्रतिकारशक्ती संपवते. मेंदूत शिरलेला मात्र तिथे टिकू शकतो आणि मज्जातंतूंचं आवरण नष्ट होत जातं. कुणी म्हणेल, पीसीआर चाचणी तर निगेटिव्ह होती! पण नाकाडोळ्यांतला नमुना मेंदूची हमी देत नाही. उलट नुकत्याच दिलेल्या लशीमुळेही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून एकट्या अहवालावर विसंबू नका. असे झटके दिसताच व्हिडिओ काढा आणि पशुवैद्यांना लगेच दाखवा.