अर्जातील तळमळ आणि हातून घडलेले काम



आपल्यातील काही तरुण आता सेवाभावी संस्थांत कामासाठी अर्ज करू लागले आहेत. अशाच एका तरुणाने आपला अर्ज आम्हांस दाखविला. संस्था ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करणारी होती. अर्जात लिहिले होते, 'मला समाजसेवेची मनापासून तळमळ आहे.' आम्ही म्हटले, यातील संस्थेचे नाव बदलले तर हेच वाक्य कोठेही चालेल. म्हणून ते येथे निरुपयोगी आहे.

मग आम्ही विचारले, 'मुलांची शाळा सुटू नये असे तुला वाटते ना? मग त्यासाठी तुझ्या हातून काय घडले?' तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर हळूहळू हकीकत निघाली. दिवाळीनंतर शेजारचे जोडपे कोयता घेऊन कारखान्यावर गेले. त्यांची दोन मुले आजीपाशी राहिली. याने सलग दोन हंगाम रोज संध्याकाळी त्यांना तासभर शिकविले व शाळेतील हजेरी वहीत टिपून ठेविली. थोरली मुलगी टिकली. धाकटा दुसऱ्या हंगामात, आजी आजारी पडताच, फडावर गेला. अभ्यास घेणारा मिळाला तरी सांभाळणारे माणूस नसेल तर मूल गावी राहत नाही, हे याला तेव्हा उमगले.

आम्ही म्हटले, 'हेच लिही.' केव्हा, किती दिवस, स्वतः काय केले, काय साधले व काय फसले, एवढे चार-पाच वाक्यांत यावे. शेवटी एकच वाक्य जोडावे: 'म्हणून मुलांना गावीच ठेवून सांभाळणाऱ्या आपल्या वसतिगृहात मला काम करावयाचे आहे.' येथे मूल्य आणि संस्थेचे कार्य आपोआप जुळते.

मात्र आधी त्या संस्थेचे कार्य नीट वाचावे. आर्वीच्या शांतिवनात ऊसतोड कामगारांची मुले राहून शिकतात. तेथे ही हकीकत शोभेल. अंबाजोगाईचे मानवलोक १९८२ पासून शेती, पाणी आणि ग्रामविकासाचे काम करीत आले आहे. तेथे बांधबंदिस्तीवर केलेल्या श्रमांची हकीकत अधिक बोलेल.

दोन गोष्टी सांभाळाव्या. दहा जणांनी मिळून केलेल्या कामात आपला वाटा किती, तो 'मी' म्हणून स्पष्ट लिहावा. आम्ही येथे 'आम्ही' म्हणून बोलतो. अर्जात मात्र त्या शब्दाआड लपता येत नाही. मुलाखतीत 'त्या दिवशी तुम्ही काय केलेत?' असे विचारताच उसना वाटा उघडा पडतो. दुसरे, ज्यांना मदत केली त्या मुलांची नावे अर्जात घालू नयेत. आणि सांगण्याजोगे काहीच घडले नसेल, तर अर्ज एक हंगाम थांबवावा व त्या हंगामात शेजारच्या घरी जावे.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.