माझा पत्ता कुठून मिळाला?

बारामती-इंदापूरच्या आपल्या बचत गटांचा माल आता आठवडे बाजारापुरता राहिलेला नाही. डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेत आपण स्टॉल लावतो. गिऱ्हाईक मसाला घेतं, कुरडया घेतं आणि जाताना आपल्या वहीत नाव, नंबर, पत्ता लिहून जातं. मग दिवाळीच्या आधी आपण फोन लावतो, "ताई, चकलीची भाजणी तयार आहे, पाठवू का?" आणि पलीकडून आवाज येतो, "माझा पत्ता तुम्हाला कुठून मिळाला?"

इथं आपण गडबडतो. "अहो, सगळ्यांकडंच असतो की" किंवा "ऑफिसातून दिला" असं काहीतरी बोलून जातो. त्या बाईला राग आलेला असतोच असं नाही. रोज फसवणुकीचे फोन येतात, म्हणून ती घाबरलेली असते. उडवाउडवीचं उत्तर ऐकलं, की तिचा संशय पक्का होतो आणि पुढं भाजणी कितीही खमंग असली तरी ती घेत नाही.

म्हणून आधी ठिकाण सांगायचं, माल नंतर. "ताई, डिसेंबरात भीमथडी जत्रेत आमच्या स्टॉलवर तुम्ही काळा मसाला घेतला होता. तेव्हा आमच्या वहीत नंबर लिहून दिला होता. दिवाळीला कळवा, असं म्हणाला होतात." एवढं बोलून थांबायचं. तिला आठवायला वेळ द्यायचा. आठवलं नाही, तर वाद घालायचा नाही. "तुमचा नंबर ठेवू का काढू?" एवढंच विचारायचं.

पत्ता एखाद्या जुन्या गिऱ्हाइकानं दिला असेल, तर गोष्ट वेगळी. पत्ता घेतानाच देणारीला विचारून ठेवायचं, "तुमचं नाव सांगितलं तर चालेल का?" ती हो म्हणाली, तर नाव सांगायचं. नाही म्हणाली, तर "आमच्या एका गिऱ्हाइकानं दिला, पण नाव सांगायची त्यांची परवानगी नाही" असं खरं तेच सांगायचं. सगळ्यात बरं म्हणजे पत्ता घ्यायचाच नाही. आपला नंबर त्यांच्या मैत्रिणीला द्यायला सांगायचा. गरज असेल ती स्वतः फोन करते.

तिसरी वाट म्हणजे सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपमधून नंबर उतरवून घेणं. हे करूच नये. तो नंबर तिनं शाळेच्या कामासाठी दिलेला असतो, आपल्या मालासाठी नाही. कुठून मिळाला हे मोकळेपणानं सांगता येत नसेल, तर तो नंबर आपल्या कामाचा नाही, असं समजावं.

आणि आपल्याला खरंच माहीत नसलं तर? गटात दहा जणी, वही एक. तेव्हा अंदाजानं बोलू नये. "मला आत्ता सांगता येत नाही, वही बघून संध्याकाळी कळवते" म्हणायचं आणि संध्याकाळी कळवायचंच. ही वेळ येऊ नये म्हणून वहीत नावापुढं तीन रकाने आखा: कुठं मिळाला, कोणत्या तारखेला, आणि कशासाठी कळवा म्हणाली. तिनं फक्त कुरडईसाठी होकार दिला असेल, तर लोणच्यासाठी फोन करायचा नाही.

ती "काढा" म्हणाली, तर नुसती रेघ मारून भागत नाही. पुढच्या जत्रेच्या वहीतून किंवा दुसऱ्या बाईच्या यादीतून तोच नंबर परत येतो, आणि गटातली दुसरी मैत्रीण फोन लावून बसते. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर "फोन करू नये" अशी यादी ठेवा. तिथं फक्त नंबर आणि तारीख लिहा. फोन लावायच्या आधी प्रत्येकीनं ते पान बघायचं.

यात कायद्याचाही भाग आहे. आपली माहिती कोणाकडं आहे आणि कशासाठी आहे, हे माणसाला कळलं पाहिजे, आणि दिलेला होकार त्याला परत घेता आला पाहिजे, असा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 साली झाला. शिवाय नको असलेल्या जाहिरातीच्या फोनची तक्रार 1909 या नंबरवर करता येते. साध्या मोबाइलवरून असे फोन होत राहिले आणि तक्रारी गेल्या, तर तो नंबर बंद होऊ शकतो. गटाचा नंबर बंद झाला, तर ऑर्डर कुठून येणार?

तेव्हा येत्या बैठकीत वही उघडा आणि एकेका नावावर बोट ठेवून विचारा, हिचा पत्ता कुठून आला? ज्या नावाचं उत्तर कोणालाच देता येणार नाही, त्या नावाला यंदा फोन करू नका.