राउटर हँग होतो त्या वेळा लिहून ठेवा

घरच्या इंटरनेटविषयी एक तक्रार मला वारंवार ऐकायला मिळते. राउटरचे दिवे लागलेले असतात, मोबाइलवर वायफायचे नावही दिसत असते, पण काहीच उघडत नाही. घरातले कोणीतरी उठून बटण बंद करते, दहा सेकंदांनी चालू करते आणि सारे सुरळीत होते. चार दिवसांनी पुन्हा तेच. तक्रार नोंदवली की कंपनीचा माणूस येतो, पण तेव्हा राउटर अगदी शहाण्यासारखा चालत असतो. ‘लाइन ओके आहे’ म्हणून तो निघून जातो.

असे झाले की बटणाकडे धावण्याआधी एक मिनिट थांबावे. राउटरच्या खालच्या लेबलवर त्याचा पत्ता छापलेला असतो, पुष्कळदा तो 192.168.1.1 असा असतो. मोबाइल वायफायला जोडलेला असतानाच ब्राउझरमध्ये तो टाकून पाहावा. राउटरचे पान उघडले, तर राउटर जिवंत आहे आणि दोष बाहेरच्या लाइनचा असण्याची शक्यता जास्त. पान उघडलेच नाही, तर लॅपटॉप वायरने जोडून पुन्हा पाहावे. तरीही उत्तर नाही, तर राउटर स्वतःच हँग झाला आहे, आणि मग लाइनवाल्याला बोलावण्यात अर्थ नाही. अशा वेळी माझा पहिला संशय दोघांवर असतो. एक उष्णता, दुसरा भिंतीतला तो छोटा काळा अडॅप्टर.

दुसऱ्याकडे सहसा कोणाचे लक्षच जात नाही. घरगुती राउटरला बहुधा १२ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो. अडॅप्टर घरातली वीज घेऊन तो देतो आणि त्याच्या पोटातले कपॅसिटर तो पुरवठा स्थिर ठेवतात. पाण्याच्या टाकीसारखेच समजा. नळ क्षणभर थांबला तरी टाकीतले पाणी येत राहते. वर्षानुवर्षे गरम राहून हे कपॅसिटर आतून सुकतात. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. टाकी आटली की विजेचा बारीकसा झटकाही थेट राउटरपर्यंत पोहोचतो. तो इतका अल्प असतो की दिवे विझत नाहीत, पण आतल्या चिपचे एखादे गणित चुकते आणि ती तिथेच अडकून बसते. बटण बंद-चालू केले की तिची स्मरणशक्ती कोरी होते. म्हणून त्या उपायाने बरे वाटते, पण दोष मात्र तसाच राहतो.

आता विदर्भातल्या एका घराची हकीकत सांगतो. तिथल्या बाई शाळेतल्या मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेतात. शिकवणी मध्येच तुटायची. दोन पालकांनी मुले काढून घेतली, तेव्हा त्यांनी नवी लाइन घ्यायचे ठरवले. दिवस मे महिन्याचे, राउटर हाताला चांगलाच तापलेला, त्यामुळे घरातल्या सर्वांचे एकमत होते की हा उन्हाचाच प्रताप. राउटर टीव्हीच्या कपाटातून काढून भिंतीवर लावला, पंख्याची हवा दिली. तरी हँग होणे थांबेना.

मी त्यांना म्हटले, ‘ताई, कॅलेंडरवर फक्त वेळ लिहा. आणि त्याच सुमाराला घरात काय झाले, तेही.’ चार आठवड्यांत आठ नोंदी झाल्या. दुपारी दोन ते पाच या भाजून काढणाऱ्या वेळेतली त्यांत एकच होती. तीन नोंदी पहाटे सहाच्या आसपासच्या होत्या, म्हणजे पाण्याची मोटर सुरू करण्याच्या वेळच्या. उरलेल्या चार वीज जाऊन घर इन्व्हर्टरवर गेले त्या क्षणाच्या. उष्णतेचा दोष असता, तर पहाटे सहाला त्याने कशाला दर्शन दिले असते? मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली जाते, आणि इन्व्हर्टरवर जाताना वीज निमिषभर तुटते. धडधाकट अडॅप्टर ही खिंड सहज ओलांडतो. ‘पूर्वी लाइट गेले तरी नेट जात नव्हते,’ असे बाई म्हणाल्या. हे वाक्य माझ्या दृष्टीने फार मोलाचे होते.

मीटर लावला तर तो १२ व्होल्टच दाखवत होता. इथे पुष्कळांची फसगत होते. राउटरला न जोडलेला, म्हणजे ओझे नसलेला अडॅप्टर थकलेला असला तरी बरोबर आकडा दाखवतो. शिवाय साधा मीटर सरासरी दाखवतो, क्षणाची घसरण त्याला दिसत नाही. म्हणून खरी परीक्षा एकच, दुसरा चांगला अडॅप्टर लावून पाहणे. जुन्यावर १२ व्होल्ट, १ अँपिअर असे छापले होते. आम्ही १२ व्होल्ट, दीड अँपिअरचा लावला.

व्होल्टचा आकडा तोच हवा, अँपिअरचा तितकाच किंवा जास्त चालतो. राउटरला लागेल तेवढाच प्रवाह तो ओढतो. पिनवरच्या अधिक-उणे खुणा जुळल्या पाहिजेत आणि पिन सैल बसता कामा नये. जुना अडॅप्टर उघडून पाहू नये. वायर काढल्यानंतरही आत जोरदार धक्का देण्याइतकी वीज साठलेली असू शकते.

दोन दिवस बरे गेले आणि घरच्यांनी आनंद जाहीर केला. मी त्यांना थांबवले. सरासरी साडेतीन दिवसांनी येणारा दोष दोन दिवस आला नाही, यावरून काहीच ठरत नाही. नेहमीच्या अंतराच्या निदान तिप्पट दिवस वाट पाहावी, आणि तेवढ्यात दुसरा कोणताही बदल करू नये. नाहीतर गुण कशाचा, ते कळत नाही. इथे आम्ही बारा दिवस थांबलो. त्यात वीज पाच वेळा गेली, मोटर रोज चालली. राउटर एकदाही अडला नाही. नवी लाइन घेण्याचा बेत बाईंनी रद्द केला.

खरोखर उष्णतेचा दोष असेल, तर कॅलेंडर वेगळे बोलते. नोंदी दुपारच्या असतात, किंवा घरात तास-दोन तास सलग सिनेमा पाहिल्यानंतरच्या. विजेच्या ये-जा करण्याशी त्यांचा संबंध नसतो. हँग झाल्यावर लगेच चालू केला तर राउटर थोड्याच वेळात पुन्हा अडतो, पण अर्धा तास गार होऊ दिला तर बराच वेळ टिकतो. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडे चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात सावलीतही त्याहून अधिक तापते. त्यात राउटर बंद कपाटात, सेट टॉप बॉक्सच्या पाठीवर ठेवलेला आणि वर नक्षीदार रुमाल! रुमाल काढावा, राउटर मोकळ्या जागी उभा ठेवावा आणि टेबलफॅनच्या झोतात ठेवून तीच तिप्पट दिवसांची परीक्षा घ्यावी.

दोन्ही करून हँग होणे चालूच राहिले, तर राउटरच्या पानावर Uptime हा आकडा पाहावा. राउटर किती वेळ सलग चालला, ते तो सांगतो. ऊन असो, पाऊस असो, वीज जावो न जावो, दर वेळी साधारण तेवढ्याच दिवसांनी राउटर अडत असेल, तर संशय त्याच्या सॉफ्टवेअरवर घ्यावा आणि कंपनीकडून ते नवे घालून घ्यावे. त्यानेही भागले नाही, तर राउटरच्या स्वतःच्या पोटातले कपॅसिटर सुकलेले असू शकतात. तेव्हा तो राउटरच बदलावा लागतो.