शेवटची विनंती
(खारदांडा येथील साहित्य मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



कराड, डिसेंबर 1975. एक्कावन्नावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. अध्यक्षपदी दुर्गा भागवत आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्या वेळचे देशाचे परराष्ट्रमंत्री. आणीबाणी लागून पाच महिने उलटले होते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. एखादं वाक्य छापून येईल की नाही, हे संपादकाच्या हातात उरलं नव्हतं.

जयप्रकाश नारायण यांना 26 जूनच्या पहाटे दिल्लीत अटक झाली होती. चंदीगडमध्ये स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. नोव्हेंबरात पॅरोलवर सोडल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं गेलं. कराडला मंडप भरला होता तेव्हा ते तिथे डायलिसिसवर होते. अशा वेळी दुर्गाबाईंनी जमलेल्या माणसांकडे एकच मागणं मागितलं: जयप्रकाशजींना आराम पडावा म्हणून प्रार्थना करा.

हे मागणं किती विचारपूर्वक घडवलेलं होतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. दुर्गाबाईंनी 'आणीबाणीचा धिक्कार असो' अशी घोषणा दिली असती, तर मंडपाचे दोन भाग झाले असते. ठराव मांडला असता, तर तो विषय नियामक समितीत अडकला असता. आजारी माणसासाठी प्रार्थनेला मात्र ना म्हणता येत नाही, यजमान मंत्र्यालाही नाही. ती करायला पैसा लागत नाही, सभासद व्हावं लागत नाही, उद्याची वाटही पाहावी लागत नाही. तरीही ती कुणासाठी आणि कशामुळे, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. एका क्षणाच्या शांततेत माणसाला आपण कुणाच्या बाजूला आहोत, हे ठरवावं लागलं. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. त्या मागण्याची किंमत त्यांनी स्वतः आधीच धरलेली होती, आणि त्याचं वजन ऐकणाऱ्याला जाणवल्याशिवाय राहत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक अध्यक्षीय भाषणांचा शेवट मात्र 'चला, आपण सारे मिळून मराठी जगवू या' असा होतो. टाळ्या पडतात, आभारप्रदर्शन सुरू होतं, खुर्च्या सरकतात. मंडपाबाहेर चहा घेणाऱ्या एखाद्याला विचारावं, 'अध्यक्षांनी काय करायला सांगितलं?' त्याला भाषण आवडलेलं असतं, पण उत्तर देता येत नाही. कारण 'आपण सारे' म्हणजे कोण आणि 'जगवू या' म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं काय, हे त्या वाक्यात नव्हतंच. ज्या मागण्याला कर्ता नाही आणि वेळ नाही, ते टाळ्यांबरोबरच विरून जातं.

किनाऱ्यावरच्या माणसांना हे कुणी शिकवावं लागत नाही. सागरी किनारा रस्त्याचं काम सुरू झालं तेव्हा वरळीच्या मच्छीमारांनी 'आम्हाला न्याय द्या' एवढ्यावर समाधान मानलं नाही. पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर 60 मीटर ठरलं होतं. उसळत्या पाण्यात होडी तेवढ्या फटीतून सुखरूप जात नाही, अंतर वाढवा, असं त्यांचं म्हणणं होतं. मागणी मीटरमध्ये होती, म्हणून तिला उत्तरही मीटरमध्येच द्यावं लागलं. त्यांनी मागितलं होतं तितकं अंतर मिळालं नाही, पण 2023च्या सुरुवातीला 120 मीटरचा निर्णय झाला. आज वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूमुळे दांड्याच्या होड्यांपुढेही तोच प्रश्न उभा आहे.

आता माझ्या मागण्याकडे वळतो, पण पुन्हा दुर्गाबाईंपासूनच. त्या जितक्या ललित लेखिका होत्या, तितक्याच लोकसाहित्याच्या अभ्यासक होत्या. लोकांच्या तोंडच्या शब्दाला त्यांनी ग्रंथातल्या शब्दाइतकाच मान दिला. ज्या कोळीवाड्यात हा मेळावा भरला आहे, तिथे अशा शब्दांचं भांडार आहे. एकटा 'भांग' घ्या. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीचा जोर ओसरतो, तो भांग. डोलजाळं खुंटांना बांधून प्रवाहात उभं करतात आणि पाण्याच्या ओढीनेच मासळी त्यात येते. भांगात ओढ नसते, म्हणून जाळं रिकामं राहतं. उधाणाला पाणी जोरात धावतं आणि डोल भरते. चंद्र, पाणी, जाळं आणि घरची चूल एवढं सगळं त्या दोन अक्षरांत बसलं आहे. शब्दकोशात शब्द सापडेल. पण भांगाच्या कुठल्या दिवशी होडी काढायची आणि कुठल्या दिवशी जाळी शिवत बसायचं, हे तांडेलाच्याच तोंडून ऐकावं लागतं. नव्या पिढीतले कित्येक जण आता होडीवर जात नाहीत, त्यामुळे ते ऐकणारे कानही कमी होत आहेत.

म्हणून विनंती एकच आहे, आणि ती आजच्या संध्याकाळपुरतीच आहे. इथून उठल्यावर थेट रिक्षा पकडू नका. बंदरावर जाळी शिवत बसलेल्या एखाद्या तांडेलाजवळ बसा आणि विचारा, 'बाबा, भांग लागला हे तुम्हाला कशावरून कळतं?' तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि खाली त्याचं नाव लिहा.