वॉर्डातली वही : काय पाहिले आणि काय समजले

नर्सिंगच्या किंवा समाजकार्याच्या विद्यार्थ्याला गुणात्मक संशोधनाची असाइनमेंट मिळते आणि तो भंडाऱ्यासारख्या जिल्हा रुग्णालयाच्या प्रसूतीपश्चात वॉर्डात वही घेऊन बसतो. संध्याकाळी वहीत वाक्य असते : ‘सिस्टर रुग्णांशी तुटक वागतात.’ ही नोंद नव्हे, निकाल आहे. नोंद अशी असते, आणि हा माझा कल्पित नमुना : ‘११.१०. खाट सातवरची बाई विचारते, “बाळाले केव्हा दाखवता?” सिस्टर सलाईन बदलत, मान वर न करता : “राउंड झाल्यावर.” बाई पुन्हा विचारत नाही. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या सासूकडे वळते.’ यात सिस्टरचे हात गुंतले होते, हेही आले. ‘तुटक’ या शब्दाने नेमके तेच पुसले होते. वॉर्डात दोन-चार शब्द टिपावेत, पूर्ण नोंद त्याच दिवशी लिहावी आणि ‘मला वाटले’ ते समासात वेगळे ठेवावे.

विश्लेषणात अशा नोंदी शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारावा : बाळाची माहिती आईपर्यंत कोणाकडून पोचते? पाच-सहा प्रसंगांत ती शेजारच्या खाटेवरून येताना दिसली, तर सूत्र मिळाले. मग लगेच उलटा प्रसंग शोधायचा. एखाद्या सिस्टरने थांबून समजावले असेल, तर तेव्हा खाटा किती भरल्या होत्या, वेळ कोणती होती? हा शोध टाळला की सूत्राचा पूर्वग्रह होतो.

आक्षेप येतो : बघणारा बसला की माणसे बदलतात. बदलतात, हे खरे. पण कामाचा रेटा असलेल्या वॉर्डात ते नाटक फार वेळ टिकत नाही, म्हणून पहिल्या दिवसाच्या नोंदी वेगळ्या तपासाव्यात. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो : विद्यार्थी दहा ते एक बसतो आणि शीर्षक देतो ‘वॉर्डातील संवाद’. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे याच भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली. दहा बालके दगावली, सात वाचवता आली. त्या घटनेची कारणमीमांसा वहीचे काम नाही. पण मध्यरात्रीनंतरचा वॉर्ड, तेव्हाची माणसे आणि बंद दारे सकाळच्या नोंदीत येतच नाहीत, एवढे त्यातून कळते. समाजशास्त्रज्ञ गोफमन यांनी १९५०च्या दशकात वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात वर्षभर वावर ठेवला, तो काही उगाच नाही. आपल्या विद्यार्थ्याला वर्ष मिळत नाही. त्याने दावा तेवढा आखडता घ्यावा.

रुग्णांची संमती घ्या, नाव आणि खाटेचा खरा क्रमांक बदला, आणि शीर्षकाखाली निरीक्षणाचे तास लिहा. ते नसतील, तर मार्गदर्शकांनी असाइनमेंट परत पाठवावी.