जखम भरते कशी? पांच काचपट्ट्यांची कहाणी



विळीवर भाजी चिरतांना बोट कापतें. आपण तें पाण्याखालीं धरतों, चिंधी बांधतों, आणि आठ दिवसांत तें विसरूनहि जातों. त्या आठ दिवसांत कातडीच्या आंत काय घडलें, हें विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेंत पाहावयास मिळतें. तेथें निरनिराळ्या वयाच्या जखमांचे तुकडे मेणांत बसवून त्यांचे मिलिमीटरच्या दोनशेंव्या हिश्शाइतके पातळ काप काढतात. हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग दिले, कीं पेशींचीं केंद्रें निळीं आणि बाकीचा भाग गुलाबी दिसूं लागतो.

नवा विद्यार्थी अशी प्रत्येक काचपट्टी निराळें चित्र म्हणून पाठ करतो, आणि तेथेंच चुकतो. काचपट्टी म्हणजे बंद पडलेलें घड्याळ. तें किती वाजतां थांबलें, हें ओळखावयाचें असतें. आणि त्यासाठीं कोणामागून कोण येतें, तो क्रम ठाऊक असावा लागतो.

पहिली काचपट्टी पहिल्या दिवसाची. कापलेल्या फटींत गोठलेलें रक्त असतें आणि त्यांत फायब्रिनचें गुलाबी जाळें. कडेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, आणि त्यांच्या भिंतीला आंतून न्यूट्रोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशी चिकटलेल्या दिसतात. त्यांचें केंद्र तीनचार खंडांचें असल्यामुळें त्या चटकन् ओळखतां येतात. कांहीं पेशी भिंतींतून बाहेर पडत असतात. युलियस कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञानें १८६७ मध्यें जिवंत बेडकाच्या शरीरांत हें निर्गमन पाहून त्याचें वर्णन केलें. बोट लाल आणि गरम होतें तें वाहिन्या फुगल्यामुळें. सुजतें तें त्यांतून द्रव पाझरल्यामुळें.

दुसरी तिसऱ्या दिवसाची. न्यूट्रोफिल अल्पायुषी, त्यांची संख्या आतां घटलेली असते. त्यांच्या जागीं मोठ्या, एककेंद्री मॅक्रोफेज पेशी आलेल्या असतात. त्या मेलेल्या पेशी आणि कचरा गिळतात, आणि पुढच्या बांधकामास लागणारीं रासायनिक बोलावणींहि त्याच धाडतात. इकडे कातडीच्या वरच्या थरांतील पेशी दोन्ही कडांवरून खपलीखालीं सरकत येऊन एकमेकींना भेटलेल्या असतात.

तिसरी पांचव्या दिवसाची. फट आतां लालसर, दाणेदार मांसानें भरलेली असते. त्यांत नव्या केशवाहिन्या दाट असतात, आणि त्यांच्या मध्यें लांबट चातीसारख्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेनचे तंतु घालीत असतात. या वाहिन्या नाजूक असतात. म्हणून खपली ओढली कीं भळकन् रक्त येतें.

चौथी कांहीं महिन्यांनंतरची. येथें पेशी आणि वाहिन्या थोड्या, आणि फिकट गुलाबी तंतु दाट. हाच वण. त्यांत केसांचीं मुळें नसतात, घामाच्या ग्रंथीहि नसतात. पहिल्या आठवड्याच्या शेवटीं जखमेची मजबुती धड कातडीच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकी असते. तीन महिन्यांनीं ती सुमारें ७० ते ८० टक्क्यांपर्यंत येते, पण पूर्ववत् सहसा होत नाहीं.

आतां पांचवी काचपट्टी पाहूं. जखम टांके घातलेली, दहाव्या दिवसाची. क्रमाप्रमाणें येथें मुख्यतः दाणेदार मांस आणि वाढतें कोलॅजेन दिसावें. तें आहेहि, पण त्याच्या मधोमध न्यूट्रोफिलांची दाटी आहे. न्यूट्रोफिल पाहून “ही जखम पहिल्या दिवसाची” असें कोणी म्हणेल. पण पहिल्या दिवसाच्या जखमेंत दाणेदार मांस कोठून येणार? दोन्ही एकत्र आहेत, याचा अर्थ जखम जुनी आहे आणि इजेचें कारण अजून आंतच आहे. काचपट्टी जरा सरकविली कीं तें सांपडतें: टांक्याच्या दोऱ्याचे तुकडे, आणि त्यांना वेढून बसलेल्या अनेक केंद्रांच्या राक्षसी पेशी. मॅक्रोफेज एकत्र मिळून त्या बनतात. एकट्या पेशीला गिळवत नाहीं तेथें त्या जमतात. दोरा तेथें आहे तोंवर न्यूट्रोफिलांना बोलावणें जातच राहतें, पू होतो, आणि पूर्ण वण धरत नाहीं. शस्त्रवैद्यानें दोरा काढला, आणि जंतु शिरले असल्यास त्यांचाहि बंदोबस्त केला, म्हणजे थांबलेला क्रम पुढें सरकतो.

मात्र या घड्याळाला मिनिटकांटा नाहीं. मधुमेह असेल, तर तें मंद चालतें. क जीवनसत्त्वाची उणीव असेल, तर कोलॅजेन दुबळें बनतें. शिवाय एकाच मोठ्या जखमेची कड पुढें गेलेली आणि मध्यभाग मागें राहिलेला असूं शकतो. म्हणून जाणता विकृतिशास्त्रज्ञ एका पेशीवरून जखमेचें वय ठरवीत नाहीं. तो आधीं विचारतो: हा तुकडा कोठून काढला, आणि इजा कधीं झाली? मग काचपट्टींत जें दिसतें तें त्या दिवसाला शोभतें कीं नाहीं, एवढें पाहतो. न शोभणारें जें असेल, तेथेंच बहुधा रोगाचें कारण लपलेलें असतें.