लोंबत्या कानांचा कुत्रा आणि परत परत फुटणारा कान

आमच्या बचत गटातल्या बऱ्याच घरी आता लॅब्रॅडॉर किंवा कॉकर स्पॅनियल आहे. पावसाळा लागला की बैठकीत एक तक्रार हमखास येते : ‘औषध झालं, बरं वाटलं, आणि महिन्याभरात कान पुन्हा वाहायला लागला.’ असं का होतं आणि कान नेमका कसा पुसायचा, ते आज बघू.

आपल्या कानाची नळी जवळजवळ सरळ आत जाते. कुत्र्याची नळी आधी खाली उतरते आणि मग पडद्याकडे आडवी वळते. त्या वळणावर मळ साचतो. वरून कानाची पाळी झाकणासारखी पडलेली असली, की आत हवा खेळत नाही, ऊब आणि ओल टिकते. यीस्ट नावाची बुरशी आणि काही जिवाणू चांगल्या कानातही थोडे असतातच. ऊब-ओल मिळाली की ते वाढतात.

पण लोंबते कान हे एकटं कारण नव्हे, नाहीतर अशा प्रत्येक कुत्र्याचा कान वाहिला असता. आमच्या एका ताईंच्या चार वर्षांच्या लॅब्रॅडॉरचंच बघा. जूनमध्ये त्याच्या कानाला आंबूस वास आला आणि तपकिरी, चिकट मळ दिसला. डॉक्टरांनी चौदा दिवसांचे थेंब दिले. पाचव्या दिवशी वास गेला, म्हणून ताईंनी थेंब थांबवले. जुलैत कान पुन्हा फुटला, तेव्हा तीच उघडी बाटली वापरली. ऑगस्टमध्ये दोन्ही कान लाल झाले.

या वेळी डॉक्टरांनी आधी दुर्बिणीने पडदा शाबूत आहे का ते पाहिलं. मग कापसाच्या कांडीवर मळ घेऊन काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात यीस्ट निघालं. यीस्टचं औषध जिवाणूंवर चालत नाही आणि जिवाणूंचं यीस्टवर, म्हणून ही तपासणी महत्त्वाची. मग त्यांनी विचारलं, ‘हा पंजे चाटतो का?’ चाटत होता, तोही बारा महिने. म्हणजे मूळ दुखणं ॲलर्जीचं असण्याची शक्यता होती. ॲलर्जीने कानातली कातडी सुजते, मळ जास्त सुटतो आणि संसर्गाला घर मिळतं. थेंबांनी संसर्ग जातो, ॲलर्जी तिथेच राहते. कान परत फुटण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण. ताईंनी डॉक्टरांनी ठरवून दिलेला एकच आहार आठ आठवडे दिला, वर बिस्किटाचा तुकडाही नाही. थेंब पूर्ण दिवस घातले आणि शेवटी मळ पुन्हा तपासून घेतला. वास जाणं म्हणजे बरं होणं नव्हे, तपासणीत कान स्वच्छ निघाला की बरं.

आता सफाई. डॉक्टरांकडून कुत्र्यांच्या कानाचं धुण्याचं द्रावण आणि साधा कापूस घ्या. बाटली हातात धरून थोडी कोमट करा, गार द्रावणाने कुत्रा बिथरतो. पाळी वर उचला आणि बाटलीचं तोंड कानाला न लावता नळी भरेल इतकं द्रावण ओता. पाळीच्या खाली, गालाजवळ, नळी बोटांना लागते. तिथे अर्धा मिनिट हलकेच चोळा, पचपच आवाज येईल. मग कुत्र्याला डोकं झटकू द्या, आतला मळ तो स्वतःच वर आणतो. शेवटी बोटाला कापूस गुंडाळून, बोट सहज जाईल तिथपर्यंतच पुसा. औषधाचे थेंब घालायचे असतील तर दहा-पंधरा मिनिटं थांबून, कान निथळल्यावर घाला.

इअरबड आत घालू नका, त्याने मळ त्या वळणाच्या खाली दाबला जातो. खोबरेल तेल, लसणाचं तेल, स्पिरिट हेही नको. तेलाने ओल कोंडते आणि सुजलेल्या कातडीला स्पिरिट झोंबतं. चांगला कान उगाच धुऊ नये, मात्र वारंवार फुटणारा कान डॉक्टर सांगतील तसा, बहुधा आठवड्यातून एकदा धुवावा. अंघोळीनंतर किंवा तळ्यात पोहून आल्यावर पाळीची आतली बाजू कोरडी करा.

कुत्रा डोकं एका बाजूला तिरकं धरत असेल, चालताना झोकांड्या देत असेल किंवा कानाला हात लावताच ओरडत असेल, तर घरी काहीही ओतू नका. पडदा फाटलेला असू शकतो आणि मग द्रावणही आतल्या कानाला इजा करतं. डोकं झटकून झटकून पाळी उशीसारखी फुगली, तर आत रक्त साचलेलं असतं, तेही डॉक्टरांनाच दाखवा.

येत्या रविवारी पाळी उचलून फक्त वास घ्या आणि रंग बघा. फिकट गुलाबी, वास नसलेला कान असेल, तर कापूस डब्यातच राहू द्या.